मेलची सब्जेक्ट लाइन वेगळी, अंकाच्या पानाचं शीर्षक वेगळं

सायकल दुरुस्तीवर मी एक न्यूजलेटर लिहितो. एका वाचकानं एकदा मेलला उत्तर म्हणून लिहिलं, "नवीन चेन टाकली की ती सरकते, त्यावर तुमचा एक अंक होता ना? मित्राला पाठवायचा होता. तासभर शोधला, सापडलाच नाही." अंक होता, ३१ वा. तो सगळ्यांसाठी खुला होता, साइटवर त्याचं स्वतंत्र पान होतं आणि त्या मित्राला हवी ती सगळी माहिती त्यात होती. फक्त पानाचं शीर्षक होतं, "तीन आठवडे मी चुकीच्या जागी शोधत होतो".

ही त्या अंकाच्या मेलची सब्जेक्ट लाइन. मेल म्हणून ती चांगली चालली, लोकांनी उघडून वाचली, उत्तरं लिहिली. पण तिच्यात "सायकल" हा शब्द नाही, "चेन" नाही, "सरकते" नाही. मी मेल पाठवला तेव्हा सॉफ्टवेअरनं तीच ओळ उचलून जुन्या अंकांच्या संग्रहात शीर्षक म्हणून लावली आणि मी ते कधी बघितलंच नाही. साठेक अंक असेच पडून होते. माहिती आहे, पान आहे, आणि शोधणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही.

या लेखात मी तो एकच ३१ वा अंक घेऊन सांगतो, की त्याच्या पानासाठी शीर्षक आणि वर्णन वेगळं कसं लिहिलं, ते कुठे भरायचं, आणि एवढं करूनही पान दिसत नसेल तर काय तपासायचं.

एकच मजकूर, दोन वेगळी माणसं

सब्जेक्ट लाइन इनबॉक्समध्ये कधी एकटी नसते. तिच्या शेजारी पाठवणाऱ्याचं नाव असतं. ज्याला मेल आला त्यानं स्वतःहून नाव नोंदवलेलं असतं, हा माणूस सायकलींबद्दल लिहितो हे त्याला ठाऊक असतं. त्यामुळे विषय सांगायचं काम नावानं आधीच केलेलं असतं, आणि सब्जेक्ट लाइनला उत्सुकता वाढवायला मोकळीक मिळते. "तीन आठवडे मी चुकीच्या जागी शोधत होतो" हे वाचून तो मनात म्हणतो, बघू या आता काय झालं.

गूगलवर तीच ओळ दिसते तेव्हा शेजारचं नाव अनोळखी असतं. समोरचा माणूस चेनला हात लावून काळ्या झालेल्या बोटांनी फोनवर टाइप करतोय. त्याला माझी गोष्ट नकोय, त्याच्या प्रश्नाचं उत्तर हवंय. शोधाच्या निकालात त्याला दहा ओळी दिसतात, आणि ज्या ओळीत त्याचा स्वतःचा प्रश्न दिसेल ती तो दाबतो. उत्सुकता वाढवणारी ओळ इथे त्याला संदिग्ध वाटते. त्याहून आधीची अडचण म्हणजे अशी ओळ त्या दहांत पोचतच नाही, कारण पान कशाबद्दल आहे हे ठरवताना शीर्षक ही गूगलसाठी मोठी खूण असते.

म्हणून दोन्ही ठिकाणी चालेल अशी मधली ओळ शोधत बसू नये असं माझं ठाम मत आहे. मी काही महिने तसा प्रयत्न केला. सब्जेक्ट लाइन पाठ्यपुस्तकातल्या धड्याच्या नावासारख्या कोरड्या झाल्या आणि पानांची शीर्षकंही अर्धवटच राहिली. दोन ओळी लिहायला दहा मिनिटं जास्त लागतात. तेवढी द्यावीत.

ही ओळ राहते कुठे

एका अंकाला आपण एक नाव देतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते पाच ठिकाणी जातं. पहिली जागा म्हणजे मेलची सब्जेक्ट लाइन. दुसरी म्हणजे पानाच्या कोडमधला `<title>`, जो ब्राउझरच्या टॅबवर दिसतो आणि शोधाच्या निकालातली निळी ओळ बहुतेक वेळा त्यातूनच येते. तिसरी, पान उघडल्यावर मजकुराच्या वर मोठ्या अक्षरात दिसणारा मथळा. चौथी `og:title`, म्हणजे कुणी दुवा चॅटमध्ये किंवा सोशल मीडियावर टाकला की चौकटीत दिसणारी ओळ. पाचवी म्हणजे पत्त्याचा शेवटचा तुकडा, ज्याला स्लग म्हणतात.

आपण काही सांगितलं नाही तर बहुतेक सॉफ्टवेअर या पाचही जागी सब्जेक्ट लाइनच भरतं. मेलचिंपच्या साच्यांचं कोड उघडलं तर हे उघड दिसतं. तिथे शीर्षकाच्या जागी बहुधा हे लिहिलेलं असतं:

```html
<title>*|MC:SUBJECT|*</title>
```

म्हणजे मेलचा जो विषय, तेच पानाचं शीर्षक. वर्णनाचंही तसंच. इनबॉक्समध्ये सब्जेक्टच्या पुढे फिकट अक्षरात जी ओळ दिसते, ती प्रिव्ह्यूची ओळ अनेकदा पानाचं वर्णन होऊन बसते. माझ्या ३१ व्या अंकाची प्रिव्ह्यूची ओळ होती, "आणि कारण निघालं अगदी नाकासमोरचं". शोधणाऱ्याच्या दृष्टीनं शीर्षकात काही नाही आणि वर्णनातही काही नाही.

ही जागा बदलायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, फक्त ती लिहायच्या खिडकीत समोर नसते. सबस्टॅकमध्ये अंकाच्या सेटिंग्जमध्ये खाली `SEO title` आणि `SEO description` अशा दोन चौकटी आहेत. घोस्टमध्ये त्यांना `Meta title` आणि `Meta description` म्हणतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव वेगळं असलं तरी हेच दोन शब्द, टायटल आणि डिस्क्रिप्शन, शोधा. चौकट रिकामी असेल तर समजा की तिथे सब्जेक्ट लाइन गेलेली आहे.

भरून झाल्यावर सॉफ्टवेअरच्या शब्दावर विसंबू नका. अंकाचं पान संगणकावर उघडा, `Ctrl+U` दाबून कोड बघा आणि त्यात `<title>` शोधा. माझ्या अंकाच्या पानावर आता असं दिसतं:

```html
<title>नवीन चेन टाकल्यावर सायकलची चेन का सरकते? कॅसेटची झीज ओळखा</title>
<meta name="description" content="जुनी चेन आणि कॅसेटचे दाते एकत्र झिजतात, म्हणून नवी चेन जोर दिला की दात्यांवरून उडते. दोष गिअरचा की दात्यांचा, हे ओळखायची सोपी चाचणी.">
```

कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, ज्यावर चेन फिरते. या दोन ओळींपर्यंत मी कसा पोचलो ते आता सांगतो.

शीर्षक: आधी शब्द कुणाचे ते ठरवा

पहिल्या प्रयत्नात मी लिहिलं, "अंक ३१: चेन, कॅसेट आणि बरंच काही". अंकाचा क्रमांक मला हवाहवासा वाटतो, कारण तो माझ्या मेहनतीचा हिशोब आहे. अनोळखी माणसाला ३१ चा काहीच अर्थ नाही, आणि शीर्षकाची सगळ्यात मोलाची जागा, म्हणजे सुरुवात, त्यानं अडवली. "बरंच काही" तर कुणी शोधतच नाही.

दुसऱ्या प्रयत्नात मी दुसऱ्या टोकाला गेलो: "सायकल चेन सरकणे, चेन स्लिप, चेन उडणे, चेन समस्या उपाय". सगळे शब्द आले, पण वाक्य गेलं. हे वाचून माणसाला वाटतं की हे पान यंत्रासाठी लिहिलंय, आणि त्याचा अंदाज बरोबरच असतो. शब्द असे कोंबलेले असले की गूगलसुद्धा ते शीर्षक बाजूला ठेवून दुसरं लावू शकतं.

मग मी वाचकांची जुनी उत्तरं काढून बसलो. ३१ व्या अंकात मी स्वतः "चेन दात्यांवर बसत नाही" असं लिहिलं होतं. दुरुस्ती करणारा माणूस असंच बोलतो, कारण त्याला कारण दिसत असतं. वाचकांनी मात्र लिहिलं होतं, "चेन स्लिप होते", "पेडल मारलं की चेन सरकते", "नवीन चेन टाकली तरी तेच". त्यांना लक्षण दिसतं, कारण माहीत नसतं. कारण माहीत असतं तर शोधलंच नसतं. शीर्षकात लक्षण हवं, आणि ते त्यांच्या शब्दांत हवं. कारण नंतर येऊ दे.

त्यातही एक तपशील फार कामाचा निघाला. चेन सरकण्याची कारणं बरीच असतात: गिअरची केबल सैल होते, गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकतो, चेनची एखादी कडी घट्ट होते. पण माझा अंक या सगळ्यांवर नव्हता. तो *नवीन चेन टाकल्यानंतर* सुरू होणाऱ्या त्रासावर होता. "सायकलची चेन का सरकते" एवढं मोघम शीर्षक दिलं असतं तर सैल केबलवाला माणूसही आला असता आणि उत्तर न मिळता परत गेला असता. "नवीन चेन टाकल्यावर" या शब्दांनी शोधणारे कमी होतात. जे येतात त्यांचा प्रश्न मात्र नेमका हाच असतो. एकट्यादुकट्यानं चालवलेल्या न्यूजलेटरच्या जुन्या अंकासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. मोघम प्रश्नावर मोठ्या साइट बसलेल्या असतात, नेमक्या प्रश्नावर बऱ्याचदा कुणी नसतं.

शीर्षकाचा उत्तरार्ध, "कॅसेटची झीज ओळखा", त्या माणसाला सांगतो की पान उघडल्यावर हातात काय पडेल. तो कापला गेला तरी चालेल म्हणून मागे ठेवला.

कापला जाण्याबद्दल थोडं. गूगलनं शीर्षकाला अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. निकालात ते जागेच्या रुंदीनुसार कापलं जातं, आणि फोनवर व संगणकावर ही रुंदी वेगळी असते. "साठ अक्षरं" हा सगळीकडे दिसणारा सल्ला रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेला अंदाज आहे. देवनागरीत तो आणखी सैल पडतो, कारण संगणक मात्रा वेगळी मोजतो. "चेन" आपल्याला दोन अक्षरं दिसतात, संगणकाच्या लेखी ती तीन आहेत: च, एकाराची मात्रा आणि न. त्यामुळे चौकटीखालचा आकडा लाल झाला म्हणून चांगलं वाक्य मोडू नका. पहिल्या पाच-सहा शब्दांत प्रश्न पूर्ण कळतोय का, एवढं बघा.

आणि गूगल तुमचं शीर्षक जसंच्या तसं वापरेलच असं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये गूगलनं जाहीर केलं होतं की निकालात दाखवताना सुमारे ८७ टक्के वेळा पानाचा `<title>` वापरला जातो. उरलेल्या वेळी ते पानावरचा मोठा मथळा, इतर ठळक मजकूर किंवा त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांचे शब्द घेतं. हे सहसा कधी होतं? शीर्षक फार लांब असेल, अर्धवट असेल, किंवा सगळ्या पानांवर एकसारखंच असेल तेव्हा. "अंक ३१ | न्यूजलेटरचं नाव", "अंक ३२ | न्यूजलेटरचं नाव" अशी रांग असली तर ही शक्यता वाढते. म्हणून पानावरचा दिसणारा मथळाही मी बदलला. तिथे मी प्रश्न लिहिला आणि त्याच्या खाली, छोट्या अक्षरात, मूळ सब्जेक्ट लाइन उपशीर्षक म्हणून ठेवली. ज्यानं मेल वाचला होता त्यालाही ओळख पटते.

वर्णन: काय करतं आणि काय करत नाही

वर्णनात शब्द घातले की पान वर चढतं, असा समज बराच पसरलेला आहे. गूगल क्रम लावताना हे वर्णन मोजत नाही. त्याचं काम त्यानंतरचं. निकालात शीर्षकाखाली ज्या दोन ओळी दिसतात, त्या कधीकधी या वर्णनातून घेतल्या जातात, आणि त्या वाचून माणूस ठरवतो की दाबायचं की पुढे जायचं.

माझं जुनं वर्णन गुपित राखत होतं. नवं वर्णन उत्तराचा गाभा सांगून टाकतं: जुनी चेन आणि कॅसेट एकत्र झिजतात. हे करताना मला भीती वाटली होती की उत्तर इथेच दिलं तर पान कोण उघडेल? पण ज्याला नवी कॅसेट विकत घ्यावी लागणार की नाही हे ठरवायचंय, त्याचं एका ओळीनं समाधान होत नाही. कारण पटलं की त्याला खात्री करून घ्यायची असते, आणि वर्णनाचा शेवट त्याला तेच देतो: "दोष गिअरचा की दात्यांचा, हे ओळखायची सोपी चाचणी". वर्णन कापलं जाऊ शकतं, म्हणून कारण आधी आणि चाचणी नंतर.

वर्णनात "या अंकात", "या आठवड्यात", "गेल्या वेळी सांगितल्याप्रमाणे" असलं काही येऊ देऊ नका. मेल एका ठरावीक दिवशी वाचला जातो, पान कुठल्याही वर्षी वाचलं जाईल. प्रिव्ह्यूच्या ओळीत हे शब्द सर्रास असतात, आणि ती ओळ आपोआप वर्णन झाली की तेही सोबत येतात.

गूगल बऱ्याच वेळा वर्णन सोडून पानातल्या मजकुरातूनच दोन ओळी उचलतं, विशेषतः शोधलेले शब्द तिथे जास्त नेमके सापडत असतील तर. इथे न्यूजलेटरचा एक खास घोटाळा होतो. मेलच्या सुरुवातीला "नीट दिसत नाही? ब्राउझरमध्ये उघडा" असतं. मग "नमस्कार" आणि पुढे नावाची रिकामी जागा, कारण संग्रहातल्या पानाला वाचकाचं नाव ठाऊक नसतं. मग गेल्या अंकावर आलेल्या उत्तरांचे आभार. मुद्दा येतो चौथ्या परिच्छेदात. मेलमध्ये हे सगळं आपुलकीचं वाटतं. पानावर मात्र निकालातल्या ओळींत "नमस्कार , नीट दिसत नाही?" असं उमटू शकतं.

मी ३१ व्या अंकाच्या पानावर सगळ्यात वर एक परिच्छेद नव्यानं लिहिला. मेल तर कधीच जाऊन पोचला होता, पान बदलल्यानं त्यात काही फरक पडत नाही. तो परिच्छेद असा:

"नवीन चेन टाकल्यावर जोरात पेडल मारलं की चेन खटकन सरकते, तेव्हा दोष बहुतेकदा नव्या चेनचा नसतो. चेन वापरून तिच्या पिना आणि रोलर झिजतात, कड्यांमधलं अंतर वाढतं, आणि कॅसेटचे दाते त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे झिजत जातात. नव्या चेनचं अंतर मूळ मापाचं असतं, ती झिजलेल्या दात्यांत नीट बसत नाही. ओळखायचं कसं: सगळे गिअर एकेक करून चढावर जोर देऊन बघा. तुम्ही नेहमी वापरता त्या एक-दोन दातेरी चक्रांवरच चेन सरकत असेल आणि बाकीच्यांवर ती नीट धरत असेल, तर ते दाते झिजलेत."

खाली मूळ अंक जसा होता तसा आहे, तीन आठवड्यांची गोष्ट, चुका, सगळं. शोधत आलेल्या माणसाला उत्तर वर मिळतं, आणि वाटलं तर तो खाली उतरून माझी गोष्ट वाचतो. शीर्षक बदलून आत मात्र जुनाच मजकूर ठेवला असता, तर शीर्षकानं दिलेला शब्द पानानं पाळला नसता. माझ्या मते या सगळ्या कामात शीर्षकाहूनही हा परिच्छेद जास्त महत्त्वाचा आहे.

पत्ता जुनाच राहू द्या

स्लग बदलायचा मोह होतो. ३१ व्या अंकाचा पत्ता `teen-aathavde` असा काहीतरी होता, आणि तो मी तसाच ठेवला. तो दुवा लोकांच्या इनबॉक्समध्ये आहे, कुणी कुठे चिकटवला आहे. पत्ता बदलला आणि जुन्यावरून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, दिलं नाही तर ते सगळे दुवे मेले. शोधात सापडण्यासाठी पत्त्यातल्या शब्दांचा होणारा फायदा इतका किरकोळ आहे की त्यासाठी हे ओढवून घेऊ नये.

नव्या अंकांसाठी मात्र स्लग पाठवण्याआधीच हातानं लिहा. सॉफ्टवेअरनं देवनागरी सब्जेक्टवरून स्वतः बनवला तर दुवा कॉपी करताना त्याचं हे होतं:

```
/%E0%A4%9A%E0%A5%87%E0%A4%A8
```

हे फक्त "चेन" आहे. देवनागरीचा प्रत्येक वर्ण संगणकात तीन बाइट घेतो आणि पत्त्यात त्याची नऊ चिन्हं होतात. पूर्ण वाक्याचा पत्ता चॅटमध्ये टाकला तर कुणाला तो दाबावासा वाटणार नाही. `navin-chain-sarakte` पुरेसं आहे.

सगळं लिहूनही पान दिसत नाही तेव्हा

शीर्षक लिहिण्याआधी हे बघायला हवं होतं, मी नंतर बघितलं. पानाच्या कोडमध्ये `noindex` शोधा:

```html
<meta name="robots" content="noindex">
```

ही ओळ असेल तर गूगलला तुम्हीच, किंवा तुमच्या सॉफ्टवेअरनं तुमच्या वतीनं, सांगितलंय की हे पान निकालात घेऊ नकोस. सेटिंग्जमधली एखादी खूण काढली की बहुतेक वेळा ती जाते. फक्त सदस्यांसाठी असलेल्या अंकांची गोष्ट वेगळी. तिथे वरचा परिच्छेद खुला नसेल तर शोधून आलेल्या माणसाला नोंदणीची चौकट तेवढी दिसेल.

दुसरी तपासणी `canonical` या शब्दाची. एकाच मजकुराच्या अनेक पत्त्यांपैकी मूळ कोणता धरायचा, हे गूगलला सांगणारी ही कोडमधली ओळ. तोच अंक मेलसेवेच्या पत्त्यावरही असतो आणि तुमच्या साइटवरही, असं बऱ्याच जणांचं असतं. मजकूर एकच, पत्ते दोन. गूगल त्यातला एक निवडतं, आणि तुम्ही ज्यावर मेहनत घेतली तोच निवडेल याची खात्री नाही. दोन्ही पानांवर `canonical` साइटच्या पत्त्याकडे दाखवत असेल तर तुमची पसंती स्पष्ट होते. मेलसेवेच्या पानावर ते बदलता येत नसेल, तर तो संग्रह बंद करून एकच ठेवणं मला बरं वाटतं.

तिसरी गोष्ट यादीच्या पानाची. काही संग्रहांत दहा-बारा अंक दिसतात आणि खाली सरकत गेलं की पुढचे उमटतात. पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, म्हणजे बॉट, माणसासारखं सरकवत बसत नाही, बटणंही दाबत नाही. जुन्या अंकापर्यंत जाणारा साधा दुवा कुठेतरी हवा. मी नव्या अंकातून संबंधित जुन्या अंकाचा दुवा द्यायला लागलो, आणि दुव्याचे शब्द "इथे वाचा" असे न ठेवता "नवी चेन का सरकते" असे ठेवतो. म्हणजे बॉटला रस्ता मिळतो आणि वाचकालाही.

पान गूगलकडे पोचलंय का हे गूगलच्याच सर्च कन्सोलमध्ये कळतं. हे साधन फुकट आहे, फक्त साइट तुमची असल्याचं सिद्ध करावं लागतं. वरच्या चौकटीत अंकाचा पत्ता टाकला की पान नोंदलं गेलंय की नाही ते दिसतं, आणि शीर्षक बदलल्यावर तिथूनच पुन्हा बघण्याची विनंती करता येते. फरक दिसायला काही दिवस लागतात, कधी काही आठवडेही. रोज बघून रोज शीर्षक बदललं तर कशामुळे काय झालं हे कधीच कळणार नाही.

त्यातला कामगिरीचा अहवाल मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. एका पानावर गाळणी लावली की लोकांनी कोणते शब्द टाइप केल्यावर ते पान दिसलं, किती वेळा दिसलं आणि किती वेळा दाबलं गेलं, हे कळतं. मागच्या १६ महिन्यांचं दिसतं. वाचायची माझी पद्धत अशी: पान योग्य शब्दांवर दिसतंय, जागाही बरी आहे, पण कुणी दाबत नाही, तर शीर्षक किंवा त्याखालच्या दोन ओळी कमी पडतायत. भलत्याच शब्दांवर दिसत असेल, उदाहरणार्थ "चेनला तेल कसं घालावं", तर पान कशाबद्दल आहे हे मजकुरातून नीट कळत नाही. अजिबात दिसत नसेल तर शब्दांचा विचार सोडून आधी `noindex` आणि दुवे बघा.

जुन्या अंकांपैकी कुठून सुरुवात करायची तेही याच अहवालातून ठरतं. जे अंक थोडेफार दिसतायत पण दाबले जात नाहीत, ते आधी. मी असे नऊ निवडले.

सगळ्याच अंकांना हे करण्यात अर्थ नाही. "पुढच्या रविवारी सुट्टी घेतोय" या अंकाला कुठलं शीर्षक देणार? अशा अंकांवर मी स्वतः `noindex` लावतो. अडचण येते ती पाच छोट्या विषयांच्या अंकांची. ब्रेकच्या रबराबद्दल दोन परिच्छेद, टायरच्या हवेबद्दल एक, एका वाचकाचं पत्र. अशा अंकाला एक नेमकं शीर्षक देता येत नाही, आणि पाचही विषय शीर्षकात घातले तर एकाचाही शोध नीट भागत नाही. त्यातला जो भाग सगळ्यात भरीव आहे तो मी वेगळ्या पानावर नेऊन वाढवतो, त्याला स्वतःचं शीर्षक आणि वर्णन देतो, आणि मूळ अंकातून तिकडे दुवा लावतो. ब्रेकच्या रबराचं सध्या तेच चाललंय. दोन परिच्छेदांचे सात झाले आहेत आणि शीर्षक अजून ठरलेलं नाही, कारण वाचकांच्या उत्तरांत अर्धे लोक "ब्रेक आवाज करतो" म्हणतात आणि अर्धे "ब्रेक लागत नाही". हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यामुळे बहुधा पानंही दोन होतील.